माणसं बदलली, आकडे तिथेच राहिले : शिकागोचा जुना नकाशा आणि आपलं सिडको

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिककरांच्या मोबाइलवर एकच वाक्य फिरत होतं, "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला." पोलिसांनी उचललेले भाई, दादा आणि त्यांचे पंटर कॅमेऱ्यासमोर हात जोडून हे म्हणत होते. बऱ्याच लोकांना मनापासून बरं वाटलं आणि ते समजण्यासारखं आहे. ज्याच्या दारातली दुचाकी रात्रीतून पेटवून दिली गेली, त्याला तत्त्वज्ञान नको असतं.

मी वीसेक वर्षं गुन्ह्याच्या बातम्या करतो आहे. एवढ्या काळात टपरीवर, बसस्टॉपवर, साहेबांच्या केबिनबाहेर गुन्हेगारीची दोनच कारणं ऐकली. एक, "हे सगळे बाहेरून आलेले." दोन, "ती वस्तीच तसली." पहिल्यात दोष माणसाच्या गावाचा, दुसऱ्यात त्याच्या पत्त्याचा. या दोन वाक्यांची तपासणी शंभर वर्षांपूर्वी शिकागो नावाच्या शहरात झाली होती, तीही मतांवर नाही, कोर्टाच्या रजिस्टरांवर. ती गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. सिडकोत, सातपूरला, अंबडला राहणाऱ्यांनी तरी ती ऐकायला हवी.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके अशी दोन माणसं होती. शॉ आधी पॅरोलवर सुटलेल्या पोरांवर देखरेख ठेवायची नोकरी करायचा, म्हणजे कामाचा माणूस. दोघांनीही समाजशास्त्राची पीएचडी पूर्ण केली नाही. (आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना हे वाचून उगीचच बरं वाटतं.) त्यांनी केलं ते काम कंटाळवाणं होतं. बालगुन्हेगार म्हणून कोर्टासमोर आलेल्या मुलांची नोंद काढायची, मुलाच्या घरचा पत्ता बघायचा आणि शहराच्या नकाशावर त्या जागी ठिपका द्यायचा. गुन्हा कुठे झाला तिथे नाही, मुलगा राहतो तिथे. मग शहराचे एकेक चौरस मैलाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात दहा ते सोळा वयाची एकूण मुलं किती आणि त्यातली कोर्टात गेलेली किती, हे प्रमाण काढायचं.

हे त्यांनी एकदा नाही, तीन काळांसाठी केलं. १९०० ते १९०६, १९१७ ते १९२३ आणि १९२७ ते १९३३. प्रत्येक वेळी आठ हजारांच्या वर मुलं. शेवटच्या काळात शहराच्या मध्याला शंभर मुलांमागे दहाच्या आसपास मुलं कोर्टात गेलेली दिसली, तर शहराच्या अगदी बाहेरच्या पट्ट्यात दोनच्या आसपास. मधले पट्टे क्रमाने मधल्या आकड्यांवर. कारखान्यांना आणि बाजाराला चिकटलेल्या पडक्या घरांच्या भागापासून जसजसं लांब जावं तसतसा आकडा उतरत गेलेला.

इथपर्यंत कुणी म्हणेल, यात नवीन काय? गरीब भागात गुन्हे जास्त, हे आम्हालाही माहीत आहे. नवीन आहे ते पुढे. या तीस-पस्तीस वर्षांत त्या मधल्या भागातली माणसं जवळजवळ पूर्ण बदलली होती. आधी तिथे जर्मन, आयरिश, स्वीडिश लोक होते. ते पैसे कमावून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी पोलिश, इटालियन आले. मग त्यातलेही निघू लागले आणि दक्षिणेतून आलेली काळी कुटुंबं शिरली. प्रत्येक गटाच्या वेळी शहरातले जुने लोक म्हणत होते की हीच जमात मुळात गुन्हेगार. पण माणसं बदलली तरी त्या भागाचं प्रमाण वरच राहिलं. आणि जे गट तिथून बाहेर पडून चांगल्या भागात स्थिरावले, त्यांच्या मुलांचं प्रमाण त्या नव्या भागासारखं खाली आलं.

आता "हे सगळे बाहेरून आलेले" या वाक्याचं काय करायचं? आकडा माणसाबरोबर सामान बांधून निघत नव्हता, तो जागेवर राहत होता. रक्तात, धर्मात, भाषेत काही असतं तर ते नव्या घरीही गेलं असतं.

आपल्याकडे हे समजायला शिकागोपर्यंत जावं लागू नये. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, भामटा अशा आपल्याकडच्या कितीतरी समाजांना पुढे त्याचा विळखा बसला. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, काहींना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. शॉ आणि मॅके १९४२ मध्ये आपलं पुस्तक छापत होते, तेव्हा आपल्या मुलखात अजून जातीवरून चोर ठरत होता. इतका फरक होता दोन विचारांत.

जागा जर तीच राहते, तर त्या जागेत असं असतं तरी काय? शॉ-मॅकेंना त्या भागांत तीन गोष्टी एकत्र दिसल्या. गरिबी. माणसांची सतत ये-जा. आणि एकमेकांची भाषा-रीत न जाणणारे अनेक गट एका ठिकाणी. पण यातली कुठलीही गोष्ट थेट गुन्हा करत नाही. या तिन्हींमुळे शेजार विणला जात नाही. गरिबाला मंडळ चालवायला वर्गणी आणि वेळ नसतो. सहा महिन्यांत जाणारा माणूस शेजाऱ्याच्या पोराचं नाव कशाला लक्षात ठेवेल? आणि ज्याची भाषा येत नाही त्याच्या पोराला रागवायचं तरी कसं? शेजार विणला नाही की कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना विचारणारं कुणी उरत नाही. मग त्या पोरांना थोराड पोरं शिकवतात. यालाच ते लोक सामाजिक विघटन म्हणाले. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे : गल्लीला स्वतःच्या पोरांवर वचक ठेवता येत नाही.

शिकागोचं गोल वर्तुळ मात्र उचलून नाशिकला चिकटवू नका. आपल्याकडे पैसेवाले सगळे शहराच्या कडेला आणि गरीब सगळे मध्यात, असं नाही. जुन्या नाशकात वाडे आहेत, गावठाण आहे, त्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. माणसांची भरती-ओहोटी आपल्याकडे येते ती औद्योगिक वसाहतींच्या कडेला. म्हणून नाशिकचा नकाशा सातपूर आणि अंबडपासून वाचायला हवा.

साठच्या दशकात एमआयडीसी आली, सातपूरची वसाहत उभी राहिली. ओझरला विमानांचा कारखाना आला. पुढे अंबड वाढलं. कामगार आले तर त्यांना घरं हवीत, म्हणून १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्याच दशकात नवीन नाशिकचं काम हाती घेतलं आणि एकामागोमाग सहा योजना केल्या. आजही रिक्षावाल्याला "चौथी स्कीम", "सहावी स्कीम" म्हटलं की तो बरोबर सोडतो. १९८२ मध्ये महापालिका झाली, आजूबाजूची गावं शहरात आली. १९९१ च्या जनगणनेत शहर साडेसहा लाखांचं होतं, २००१ मध्ये पावणेअकरा लाखांच्या वर गेलं आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. वीस वर्षांत दुपटीहून जास्त. हा वेग लक्षात ठेवा, कारण सिद्धांताचा खरा भर गरिबीपेक्षाही या वेगावर आहे.

आता एक गोष्ट बघा. सिडकोत पहिल्यांदा आलेले लोकही बाहेरूनच आले होते. धुळे, जळगाव, नंदुरबार, कसमादे, सिन्नर, निफाड. हातात फार काही नव्हतं. एका खोलीत आई-बाप, दोन पोरं आणि गावाहून शिकायला आलेला पुतण्या. म्हणजे गरिबी होती, बाहेरून येणं होतं, गर्दीही होती. मग तेव्हा शेजार का विणला गेला?

माझ्या वाचनाप्रमाणे कारण एकच. ते आले आणि राहिले. कंपनीत कायम नोकरी, हप्त्याचं घर, त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं तोच दरवाजा आणि तोच शेजारी. गल्लीत अहिराणी बोलणारी चार घरं असली की श्रावणात कानबाई बसायची, रोटाचा भाऊबंदकीत वाटा व्हायचा. बायकांची भिशी होती, पुरुषांची युनियन होती, पतसंस्था होती, गणपतीचं मंडळ होतं, कुठे सप्ताह होता. यातली एकही गोष्ट गुन्हे रोखायला काढलेली नव्हती. पण यातूनच कुणाचा पोरगा शाळा बुडवून कुठे बसला होता, ही बातमी संध्याकाळच्या आत घरी पोचायची. एका निवृत्त कामगाराने मला सांगितलं होतं, "आमच्या गल्लीत पोराला मारायचा हक्क सहा बापांना होता." मारण्याचं मी समर्थन करत नाही. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते कळतं.

पुढे काय झालं तेही डोळ्यांसमोर आहे. कारखान्यांत कायम कामगार कमी होत गेले, ठेकेदाराकडची पोरं वाढली. ठेक्यावरच्या पोराला ब्रेक मिळतो, मग तो दुसरी कंपनी धरतो आणि खोलीही बदलतो. इकडे पहिल्या पिढीने रो-हाउसवर मजला चढवला, कुणी दोन. खाली मालक, वर भाडेकरू, अकरा महिन्यांचा करार, तोही असला तर. ज्याची पोरं शिकून पाथर्डी फाट्याला, गंगापूर रोडला किंवा पुण्याला गेली, त्याने खालचंही भाड्याने दिलं. गल्ली दिसायला तीच आहे, पण दारामागची माणसं दरवर्षी बदलतात. जुन्या घरातल्या एका मावशींना मी वरच्या मजल्यावर कोण राहतं विचारलं. त्या म्हणाल्या, "चार पोरं आहेत बाबा. नाव नाही माहीत. भाडं गूगल पेने येतं."

त्या चार पोरांनी काहीही केलेलं नाही, हे स्पष्ट लिहितो. बहुतेक वेळा अशी पोरं बारा तासांची पाळी करून झोपतात आणि स्वतःच चोरीला बळी पडतात. मुद्दा त्यांचा नाही. रात्री अकराला गल्लीच्या तोंडाशी पाच जण बाटली घेऊन बसले, तर ते आपलेच कुणी आहेत की परके, हे मावशींना कळत नाही, वरच्या पोरांनाही कळत नाही. मग दोघंही दार लावून घेतात. त्या बंद दारामुळे कोपरा त्या पाच जणांचा होतो. आणि ते पाच जण पुष्कळदा बाहेरचे नसतातच. ते याच गल्लीतल्या जुन्या घरांतले, इथेच जन्मलेले असतात.

२००८ च्या फेब्रुवारीत परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं, तेव्हा हजारो उत्तर भारतीय कामगार नाशिक सोडून गेले. स्टेशनवरची गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. कारखान्यांना माणसं मिळेनात. पुढे जागा भरल्या, काही तेच परतले, काही नवे आले. शॉ-मॅकेच्या नजरेने बघितलं तर अशा घटनेत गल्लीतली ये-जा आणखी वाढते आणि उरलेली ओळखही तुटते. गुन्ह्याचं कारण म्हणून ज्याला हाकललं, त्याच्या जाण्याने कारण बळकटच होतं. हा राजकीय टोमणा समजू नका, सिद्धांताचा सरळ हिशेब आहे.

तडीपारीलाही हाच हिशेब लावून बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५, ५६, ५७ कलमांखाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढता येतं. काही वेळा ते गरजेचं असतं. साक्षीदार त्या माणसाच्या भीतीने बोलत नसेल तर दुसरा इलाज काय? पण त्याची रिकामी खुर्ची दुसरा पोरगा घेतो, हे कुठल्याही बीट हवालदाराला विचारा. भाईंची नावं दर पाच-सात वर्षांनी बदलतात. ज्या चौकांची नावं बातमीत येतात ती मात्र मी नोकरीला लागलो तेव्हाचीच आहेत.

आता या सिद्धांतात जिथे भोकं आहेत तिथे जाऊ. नाहीतर मी एखाद्या साहेबाचं पुस्तक विकतोय असं वाटेल.

सगळ्यात मोठी अडचण आकड्यांची. शिकागोत मोजलं गेलं ते "कोर्टात आलेली मुलं". कोर्टात कोण येतं? ज्याला पोलीस पकडतात तो. गरीब वस्तीतलं पोरगं दगड मारताना सापडलं तर ठाण्यात जातं, बंगल्यातलं सापडलं तर त्याच्या वडिलांना फोन जातो. म्हणजे नकाशावरचे काही ठिपके गुन्ह्याचे नसून पोलिसांच्या गाडीच्या मार्गाचे असतात. ही टीका शॉ-मॅकेंवर जन्मभर झाली आणि ती रास्त आहे.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी. शहराचा वर्षाचा एकूण आकडा मिळतो, वार्षिक पत्रकार परिषदेत तुलनाही मिळते. पण गल्लीचा, वॉर्डाचा दर मिळत नाही. पोलीस ठाण्याची हद्द आणि महापालिकेचा प्रभाग जुळत नाहीत, त्यामुळे गुन्हे एका चौकटीत आणि लोकसंख्या दुसऱ्या चौकटीत. शिवाय एफआयआर होतो तो गुन्हा घडला त्या जागी.

याचा गोंधळ कसा होतो ते साध्या, काल्पनिक आकड्यांनी दाखवतो. समजा बाजाराचा एक भाग आहे. राहणारे दहा हजार, वर्षाचे गुन्हे शंभर. हजारी दर आला दहा. दुसरा भाग निवासी. राहणारे तीस हजार, गुन्हे नव्वद. हजारी दर तीन. पहिली बातमी होईल, बाजाराचा भाग तिप्पट धोकादायक. पण बाजारात रोज पन्नास हजार लोक येऊन जातात, पाकीट त्यांचं मारलं जातं आणि मारणारा कदाचित तिसऱ्याच भागातला असतो. आता त्याच एकशे नव्वद गुन्ह्यांमधल्या आरोपींचे घरचे पत्ते लावा. बाजाराच्या भागात राहणारे दहाच निघाले, निवासी भागातले सत्तर, बाकीचे इतरत्र. हजारी हिशेब केला तर बाजाराचा भाग एकवर आला आणि निवासी भाग दोनच्या वर गेला. क्रम उलटला. दोन्ही नकाशे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. सामाजिक विघटनाचा प्रश्न दुसऱ्या नकाशाचा आहे. आपण मात्र बातमीत पहिला छापतो आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढतो. पंचवटीत, मेनरोडला वर्षभर भाविक आणि गिऱ्हाईक असतं. सिंहस्थाच्या वर्षी तर तिथला रहिवाशांवर काढलेला दर कुणी मनावरच घेऊ नये.

दुसरं भोक "ती वस्तीच तसली" या वाक्याजवळ आहे. शॉ-मॅके वाचून कुणी म्हणेल, बघा, जागाच वाईट. पण त्यांचाच आकडा बघा : सगळ्यात वाईट पट्ट्यात शंभरातली दहाच्या आसपास मुलं कोर्टात गेली, म्हणजे नव्वदच्या आसपास गेली नाहीत. भागाचं प्रमाण माणसाला लावता येत नाही. आपल्याकडे ते रोज लावलं जातं. पत्ता ऐकून कर्जाची फाइल मागे पडते, स्थळ मागे फिरतं. अशा भागातली पोरं नोकरीच्या अर्जावर मामाच्या घरचा पत्ता टाकतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि ज्याला जमेल तो तिथून निघतो. म्हणजे पुन्हा ये-जा वाढली. म्हणून या पोस्टमध्ये मी कुठल्या चौकाचं नाव घेतलेलं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. शेजार घट्ट असला की गुन्हे कमी, हे नेहमी खरं नसतं. मुंबईचं गिरणगाव घ्या. दहा बाय दहाच्या खोल्या, गावकऱ्यांचे गाळे, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं. त्यापेक्षा घट्ट शेजार मराठी माणसाने कुठे अनुभवला असेल असं वाटत नाही. जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर बसले आणि पोरं टोळ्यांकडे वळली, असं आपण नेहमी सांगतो. त्यात तथ्य आहे. पण भायखळ्याच्या टोळ्या संपाच्या आधीच उभ्या राहिल्या होत्या. आणि दगडी चाळीत शेजार विस्कटलेला नव्हता, उलट इतका घट्ट होता की त्याच जोरावर अरुण गवळी २००४ मध्ये आमदार झाला. तिथे ओळखी होत्या, पण त्या दादाला जाब विचारायला वापरल्या जात नव्हत्या. तिथे त्याच्याच घराला ओळखींचं कुंपण पडलं होतं.

या कोड्यावर शिकागोतच पुढे काम झालं. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास छापला. शहराचे ३४३ भाग आणि ८,७८२ माणसांच्या मुलाखती. त्यांनी नुसतं "तुमची ओळख किती" असं विचारलं नाही. विचारलं ते असं : पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली तर तुमचे शेजारी काही बोलतील का? कुणी भिंतीवर रंग फासत असेल तर? घरासमोर मारामारी झाली तर? जवळचं अग्निशमन केंद्र बंद करायची वेळ आली तर लोक एकत्र येतील का? आणि सोबत हे की, इथल्या लोकांवर विश्वास ठेवता येतो का? ज्या भागात उत्तरं "हो" कडे झुकली, तिथे हिंसा कमी होती, गरिबी सारखी धरली तरीसुद्धा. म्हणजे नुसती ओळख पुरत नाही. शेजारी मध्ये पडेल असा भरवसा लागतो. मावशींचं दार बंद होतं ते ओळख नसल्याने तर आहेच, पण आपण बोललो तर मागे कोणी उभं राहणार नाही, या खात्रीनेही आहे.

हा भरवसा बाहेरून उभा करता येतो का? इथे आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण शिकागोपेक्षा मोलाचं आहे. भिवंडी. यंत्रमागांचं गाव, उत्तरेतून येणारे-जाणारे मजूर, दाटीवाटी, गरिबी, धर्म आणि भाषांची मिसळ. सिद्धांतातल्या तिन्ही अटी पूर्ण. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. नेहमीची शांतता समिती म्हणजे पुढारी, वकील, डॉक्टर, टोप्या आणि चहा. खोपडेंनी ते टाळलं. त्या-त्या मोहल्ल्यात राहणारी दोन्ही धर्मांची साधी माणसं घेतली आणि दंगलीचा विषय नसतानाही नियमित बसवली. विषय काय, तर नळाचं भांडण, पोराची छेडछाड, मालक-भाडेकरू वाद. पोलीस तिथे जायचे, लोक ठाण्यात यायचे नाहीत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी, आशुतोष वार्ष्णेय यांनीही, या प्रयोगाची दखल घेतली.

दंगल आणि घरफोडी एक नाही, हे मान्य. आणि भिवंडीत त्या काळात चांगला अधिकारी होता, हेही कारण असू शकतं. पण एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. माणसं तीच होती, गरिबी तीच, ये-जा तीच. बदललं ते एवढंच की नळाच्या भांडणाला बसण्याची एक ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस झाला. शॉनेही तीसच्या दशकात शिकागोत असंच काहीतरी काढलं होतं, वस्तीतल्याच माणसांच्या हाती कारभार देऊन. त्याने गुन्हे किती घटले हे मात्र त्याला ठामपणे सिद्ध करता आलं नाही. वस्ती ही प्रयोगशाळा नसते, तिथे एकाच वेळी दहा गोष्टी बदलतात.

आपल्याकडे सध्या काय होतं? भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, असे आदेश निघतात, न देणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल होतो. त्याचा तपासाला उपयोग आहे, नाही असं नाही. पण त्यात वरच्या मजल्यावरची माहिती पोलिसाला कळते, खालच्या मजल्यावरच्या मावशींना नाही. झोपडपट्टी हलवून कडेला घरकुलं बांधली तेव्हाही असंच झालं. महापालिकेने चुंचाळ्याला इमारती उभ्या केल्या, डोक्यावर स्लॅब आला, नळ आला, हे चांगलंच. पण झोपडपट्टीतला शेजार आडवा असतो, दारात बसलेली म्हातारी वीस घरं बघते. इमारतीत तो उभा होतो. जिन्याला डोळे नसतात, आणि जुने शेजारी त्याच मजल्यावर येतील याची तजवीज मुद्दाम केली नाही तर वीस वर्षांची ओळख नव्याने शून्यापासून सुरू होते. घरं वाटताना जुन्या गल्ल्या एकत्र ठेवायला पैसा लागत नाही, फक्त यादी वेगळ्या क्रमाने करावी लागते.

जनगणनेची मोजणी २०२७ च्या सुरुवातीला होणार आहे. या ठिकाणी किती वर्षांपासून राहता, हा प्रश्न आपल्या जनगणनेत जुना आहे. त्याची उत्तरं वॉर्डाप्रमाणे जाहीर झाली आणि पोलिसांनी आरोपींची नावं झाकून घरच्या पत्त्यांची नुसती वॉर्डवार संख्या दिली, तर शिकागोने शंभर वर्षांपूर्वी काढलेला नकाशा नाशिकला पहिल्यांदा काढता येईल. दोन्ही कार्यालयांकडे मी माहिती अधिकारात अर्ज तयार करतो आहे. नवीन नाशिक आणि सातपूर विभागातल्या कुणाला आपल्या भागाचा पोलीस हद्द आणि प्रभाग यांचा ताळमेळ लावून द्यायचा असेल तर सांगा. अंबड ठाण्याच्या हद्दीचं काम मी सुरू केलं आहे, आणि पहिल्याच दिवशी एक गल्ली अशी सापडली की जिची डावी बाजू एका प्रभागात आहे आणि उजवी दुसऱ्या.